कोरडं वजन

"पोरीला अंडं द्या, नाहीतर मासळी द्या," असं जयदेवनं मला भर मैदानात पंधरा मुलींसमोर सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं.

जयदेव म्हणजे मोरिवलीच्या मुलींच्या कबड्डी संघाचा शिक्षक. सकाळी एका कारखान्यात फिटर, संध्याकाळी मैदानावर सर. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. माझी मीनल तेरा वर्षांची, त्याच्या संघात डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या सोसायटीतून सायकल मारत रोज मोरिवलीला जाणारी ती एकटीच. बाकी सगळ्या गावातल्या पोरी, भात आणि मासळीवर वाढलेल्या, दणकट.

"पकड तिच्यासारखी कुणाची नाय, गुरुदत्तभाऊ," जयदेव म्हणाला. "घोटा धरला की सोडत नाय. पन समोरची पोरगी तिला पिशवीसारखी ओढत रेषेपार नेते. वजनच नाय. छत्तीस किलो दोनशे! अडतीसच्या खाली मी कोपऱ्यात कुणाला उभी करत नाय. गेल्या वर्षी एकीचा खांदा निखळला, तेव्हापासून कानाला खडा. संक्रांतीनंतर जिल्ह्याचा संघ निवडायचाय. तोवर अडतीस करा, नायतर राखीव बसवतो."

आम्ही शाकाहारी. माझ्या आजोबांपासून घरात अंडं आलेलं नाही. पण खरं सांगायचं तर मी त्याच दिवशी वाटेत मीनलला विचारलं, "खाशील का गं? मी गावच्या आजीला कळवणार नाही."

"मैत्रिणीकडे खाऊन बघितलं होतं," ती म्हणाली. "ओकारी आली. बाबा, मला अंडं नको. पण संघ पाहिजे."

सायकलच्या कॅरिअरवर बसून माझ्या पाठीला डोकं टेकवून ती हे म्हणाली, आणि तिथेच, नाक्याच्या पाणपोईजवळ, मी ठरवलं की आपण जयदेवला दाखवून द्यायचं.

ही गोष्ट पस्तीसेक वर्षांपूर्वीची; मी तेव्हा रंग बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. दिवसभर काटे, नळ्या, आकडे. त्यामुळे आकड्यांनी सुटत नाही असा प्रश्न जगात नाही, अशी माझी ठाम समजूत. कारखान्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर आहाराचा एक तक्ता होता: कुठल्या जिनसात शंभर ग्रॅममागे प्रथिनं किती. डॉक्टरांकडून मी त्याची जादा प्रत मागून आणली. त्यांनी सांगितलं, या वयाच्या मुलीला दिवसाला साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनं हवीत. मी म्हटलं, झालं तर मग, उरली फक्त बेरीज!

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी आलेखाचा कागद घेऊन बसलो. सोमवार ते रविवार उभ्या ओळी, सकाळ-दुपार-संध्याकाळ आडव्या. मटकी चोवीस, मूग चोवीस, हरभरा सतरा, तूरडाळ बावीस. माझी पेन्सिल नुसती धावत होती. बायको, वृंदा, ओट्याला टेकून बघत होती.

"किराण्याला आठवड्याला शंभर रुपये," ती म्हणाली. "सोसायटीचा हप्ता गेल्यावर तेवढेच उरतात. त्यात बसवा."

"बसवलंय! पनीर नाही, बदाम नाहीत, डब्यातली महागडी पावडर नाही. रोज मोडाची उसळ. शंभर ग्रॅम मटकी म्हणजे चोवीस ग्रॅम प्रथिनं, कळलं का? आणि भाताला कात्री. भात म्हणजे नुसती पोटाची भर."

"शंभर ग्रॅम कोरडी की भिजवलेली?"

"तक्त्यात लिहिलंय तेवढी," मी तोऱ्यात म्हणालो. "स्वयंपाकात आता शास्त्र आलंय, वृंदा. तू फक्त करत जा."

तिनं नुसती भुवई उचलली. त्या भुवईची किंमत मला तेव्हा कळली असती तर पुढचे तीन आठवडे वाचले असते. पण मी उंटावरचा शहाणा.

सकाळी डॉक्टरांचा छापील तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर खळीनं चिकटवला. दाराच्या चौकटीत तो बोटभर लांब होत होता, म्हणून खालची पट्टी दुमडून मागे चिकटवली. प्रयोगशाळेतला जुना पितळी तराजू साहेबांना विचारून घरी आणला. आता रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की हात धुऊन मोड आलेली मटकी, फुगलेले हरभरे तराजूत घालायचो, बरोबर शंभर ग्रॅम, दाणा इकडे नाही की तिकडे नाही. शिजलेलं घट्ट वरणसुद्धा वाटीसकट तोलायचो आणि वाटीचं वजन वजा करायचो. वहीत बेरीज यायची: चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट! मी वृंदाला वही नाचवून दाखवायचो. मीनल बिचारी पोळी मागायची तर मी म्हणायचो, "आधी उसळ संपव."

पहिल्या रविवारी मी तिला घेऊन मोरिवलीच्या भाताच्या गिरणीत गेलो. गिरणी जयदेवच्या मामांची, पोती तोलायचा मोठा काटा तिथे. संघाचं वजन त्याच काट्यावर व्हायचं. मीनल अनवाणी उभी राहिली. छत्तीस दोनशे.

"पी हळद नि हो गोरी असं नसतं," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी बघ."

पुढच्या रविवारी छत्तीस दोनशे. त्याच्या पुढच्या रविवारी छत्तीस तीनशे. मी काट्यावरच संशय घेतला, मामांना म्हणालो तुमची दांडी घासलीय. मामांनी पन्नास किलोचं माप ठेवून दाखवलं. दांडी बरोबर पन्नासावर थांबली. मला इतका राग आला की येताना सायकल भलतीच जोरात हाणली. मागे बसलेली मीनल हळूच म्हणाली, "बाबा, माझ्यातच काहीतरी बिघडलंय का?"

पोरगी रोज मुकाट्यानं माझी मटकी चावत होती, मैदानात घाम गाळत होती, आणि आता स्वतःलाच दोष देत होती. पाच आठवडे उरले होते.

वाटेत आमच्या बाजारात ठमाबाई बसायच्या. मोरिवलीच्या, सत्तरीच्या, नऊवारी पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं. एका टोपलीत कोरडे वाल, दुसरीत ओल्या फडक्यात मोड आलेले. त्यांची नात काशी मीनलच्याच संघात, चढाईला जाणारी, पंचेचाळीस किलोची तोफ. मी सायकल थांबवली आणि म्हटलं, चला, आज मटकीऐवजी वाल.

"ठमाबाई, मोडाचे वाल द्या. आणि बरोबर शंभर ग्रॅमचे तीन भाग करून द्या. पोरीच्या ताकदीसाठी पाहिजेत, हिशोब आहे."

"मी वाट्यानं इकते, सायेब. ग्रामबिम नाय." त्यांनी मीनलकडे पाहिलं. "काशी सांगत व्हती, हिला जाडी करताव म्हनून. रोज किती चारताव?"

मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. रोज शंभर ग्रॅम मोड, तराजूनं तोलून, चोवीस ग्रॅम प्रथिनं.

ठमाबाईंनी एक मूठ कोरडे वाल माझ्या डाव्या हातावर ठेवले. मग दोन मुठी मोडाचे वाल उजव्या हातावर ओतले, वर आणखी थोडे टाकले.

"ह्ये आन ह्ये येकच हाय. परवा सांजच्याला ह्ये येवढं भिजत टाकलं, आज येवढं झालं. मंग मधी काय घुसलं?"

मी दोन्ही हात वरखाली करून तोलून पाहिले.

"पानी, सायेब, पानी!" त्या खदाखदा हसल्या. "इकनारीला पानी पैसं देतं. खानाऱ्याला काय देतं? तीन आठवडं पोरीला पानी चारलं तुमी!"

बाजारात माझ्या डोक्यावर कुणी घागर ओतली असती तरी इतकं गार वाटलं नसतं. कारण आणखी एक गोष्ट होती, ती मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. त्याच आठवड्यात मी कारखान्यातल्या एका सुपरवायझरला लेखी ताकीद दिली होती. त्यानं रंगाचा ओला लगदा तसाच तोलून माल जास्त दाखवला होता. मी लाल शाईनं लिहिलं होतं: 'ओलावा वजा केल्याशिवाय वजन धरू नये. कोरडं वजन हेच खरं वजन.' दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वाल तिथेच टाकून मी घरी धावलो. मीनल सायकल घेऊन मागून. स्वयंपाकघराच्या दारावरच्या तक्त्याची ती दुमडलेली पट्टी नखानं खरवडून उलगडली. बारीक अक्षरात छापलं होतं: 'सर्व आकडे कच्च्या व कोरड्या जिनसांचे आहेत.'

"वृंदा!" मी ओरडलो. ती गच्चीवरून वाळत घालायचे कपडे तसेच टाकून आली. मी पट्टीवर बोट ठेवून उभा. तिनं वाचलं, आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं.

"तुला माहीत होतं?"

"मी विचारलं होतं, कोरडी की भिजवलेली. तुम्ही म्हणालात, शास्त्र आलंय."

"मग पुन्हा का नाही विचारलंस?"

"रोज तराजू घेऊन बसणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? मला वाटलं, तुमच्या कागदात असेल काहीतरी जास्त." मग हसू थांबवून ती म्हणाली, "पण चुकलंच माझं. पोरीसाठी विचारायला हवं होतं. तुमच्या तोऱ्याला कसली घाबरते मी!"

आम्ही तिघं तिथेच जमिनीवर बसून नव्यानं हिशोब केला. शंभर ग्रॅम मोडात मटकी चाळीसच ग्रॅम, म्हणजे प्रथिनं जेमतेम दहा. वाटीभर वरणात डाळ चिमूटभर. माझे रुबाबदार पासष्ट गळत गळत चाळिसावर आले. आणि वर मी भात-पोळी कमी केलेली!

"सगळ्यात मोठी चूक तीच," वृंदा म्हणाली. "पोरगी दोन तास धावते. पोटभर भात-भाकरी नसेल तर तुमची डाळ चुलीत लाकडासारखी जळून जाईल, अंगाला काय लागणार? उठा, पेन्सिल मला द्या."

मी निमूट दिली. तिनं नवा कागद घेतला नाही. माझ्याच आलेखाच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली आणि मी बघत राहिलो, कारण ती आकड्यांपासून सुरुवात करतच नव्हती. ती डब्यांपासून करत होती.

"पहिलं, पीठ. पोळी रोज आहे, चुकत नाही. दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन, पण आधी खमंग भाजून, नाहीतर पोट दुखतं. गिरणीवाला कुरकुरेल, त्याला मी बघते. दुसरं, डाळ उल्हासनगरहून आणायची. तिथल्या घाऊक दुकानात तुकडा डाळ मिळते, फुटलेली, निम्म्या भावाहून जरा जास्त पडते. फुटली म्हणून ताकद कमी होत नाही ना हो?"

"नाही," मी शिष्यासारखा म्हणालो.

"सोमवारी आपला उपास. साबुदाण्यात काय आहे?"

मी उलगडलेल्या तक्त्यात बघितलं. "जवळजवळ काहीच नाही."

"मग साबुदाणा बंद. राजगिऱ्याच्या लाह्या दुधातून, आणि वरीवर दाण्याची आमटी दाट. मंगळवारी मटकी, मूठभर कोरडी माझ्या हातानं मोजून. बुधवारी साई भाजी, पालकात हरभऱ्याची डाळ घालून. उल्हासनगरच्या मोटवानीबाईंनी शिकवलीय, एकाच कुकरात होते. गुरुवारी पिठलं, ज्वारीची भाकरी आणि दाण्याची चटणी. शुक्रवारी गूळ-फुटाणे प्रसादाला असतातच, ते वाटीभर तिला. शनिवारी उडदाचं घुटं आणि भात, कितीही. रविवारी वालाचं बिरडं. आणि रोज मैदानावरून आली की मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि कपभर दूध. बाहेरची बिस्किटं, खारी बंद, त्यातून दाणे निघतील."

मी प्रत्येक दिवसाची बेरीज केली, या वेळी कोरड्या वजनानं. बासष्ट. चौसष्ट. एकसष्ट. सदुसष्ट! आणि किराणा सत्त्याण्णव रुपये! मी उठून उडीच मारली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर काठी आपटली. आम्ही तिघं हसत सुटलो.

पुढचे पाच आठवडे आमच्या घरात नुसता उत्सव होता. मी रविवारी उल्हासनगरला जाऊन डाळीची पिशवी खांद्यावर आणायचो. दुकानदार म्हणायचा, "साईं, टुकडा ही टुकडा? शादी है क्या घर में?" वृंदा सोयाबीन भाजायची तेव्हा जिन्यात वास जायचा आणि शेजारणी कृती विचारायला यायच्या. मीनल आता उसळीला तोंड वाकडं करत नव्हती, कारण सोबत पोटभर भाकरी मिळत होती. आणि तराजू? तो मी परत नेऊन दिला. वृंदाची मूठ मी एकदा गुपचूप तोलली होती, चाळीस ग्रॅमच्या वर-खाली दोन ग्रॅम. प्रयोगशाळेत एवढी अचूक माणसं नव्हती.

छत्तीस सहाशे. छत्तीस नऊशे. सदतीस दोनशे. दर रविवारी गिरणीत आम्ही काट्याभोवती उभे राहून श्वास रोखायचो. मामासुद्धा भाताचं काम थांबवून यायचे. सदतीस पाचशे! संक्रांतीला ठमाबाईंनी स्वतःहून तिळाचे चार लाडू पाठवले, म्हणाल्या, "ह्ये सुकं हाय, भिजवू नका."

निवडीचा दिवस उजाडला. गिरणीत सगळा संघ, पोरींचे आईबाप, टोपली बाजूला ठेवून ठमाबाई. वृंदा माझ्या शेजारी, तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट. जयदेव वही घेऊन उभा. काशी पंचेचाळीस, पुढची चाळीस, मग मीनल. ती काट्यावर चढली. मामांनी दांडीवरचं माप सरकवलं, थोडं मागे घेतलं, पुन्हा सरकवलं.

"सदतीस आठशे."

दोनशे ग्रॅम! माझे वाया गेलेले तीन आठवडे दोनशे ग्रॅमच्या रूपानं समोर उभे होते.

इतक्यात काशी धावली. हातपंपावरून भरलेला तांब्या घेऊन आली आणि मीनलच्या हातात कोंबला. "पी गं लवकर! पाव लिटर प्याली का झालं काम!"

सगळ्या पोरी ओरडल्या, "पी, पी!" जयदेवनं मुद्दाम आभाळाकडे बघितलं. मी खरं सांगतो, माझ्या मनात आलं, पी बाळ. लाल शाई गेली खड्ड्यात. मीनलनं तांब्या तोंडाशी नेला. मग माझ्याकडे बघितलं, आणि तांब्या खाली ठेवला.

"नाही सर," ती म्हणाली. "पाण्याचं वजन खरं नसतं. माझं कोरडं वजन सदतीस आठशेच आहे. पण त्यात काय आहे ते बघा एकदा."

जयदेवनं वही मिटून काखेत घातली. मग म्हणाला, "काशी, मैदानात चल. हिच्यावर चढाई कर. आन मैत्रीबित्री केलीस तर तुलाच राखीव बसवीन."

गिरणीतली सगळी माणसं मैदानावर. काशी कबड्डी-कबड्डी करत आली, डाव्या कोपऱ्यावर पाय फेकला, आणि मीनलनं घोटा धरला. काशी वळली. दोन महिन्यांपूर्वी इथेच पिशवी ओढली जायची. काशीनं झटका दिला, मीनल हातभर घसरली. पुन्हा झटका, आणखी हातभर. मध्यरेषा दोन पावलांवर. वृंदा किंचाळली, "धर!" मी काय ओरडलो मला आठवत नाही, पण लोक सांगतात मी "मटकी! मटकी!" असं ओरडत होतो. काशीनं रेषेकडे हात लांब केला. बोटं वीतभर कमी पडली. तिचा दम तुटला.

मैदान दणाणलं. ठमाबाई आपल्याच नातीच्या हरण्यावर टाळ्या पिटत होत्या. काशी उठली ती मीनलला उचलूनच. आणि जयदेवनं माझ्यासमोर वही उघडून लिहिलं: डावा कोपरा, मीनल. मग वजनाच्या रकान्यात थांबला.

"किती लिहू, भाऊ?"

"सदतीस आठशे," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

"तेच लिहितो. कानाचा खडा काढला म्हना."

मीनल धुळीनं माखलेली, धापा टाकत हातपंपाकडे गेली. मघाचा लहानसा तांब्या कुणीतरी तिथे परत आणून ठेवला होता, तो भरून तिनं एका दमात रिकामा केला, पुन्हा भरला, तोही प्याली. मग ओठ पुसत थेट गिरणीत शिरली आणि काट्यावर जाऊन उभी राहिली.

"मामा, आता बघा!"

मामांनी माप सरकवलं. "अडतीस चारशे!"

दारात उभ्या ठमाबाई हसत म्हणाल्या, "आता भिजली मटकी."